दुकान-दुकान खेळताना पोराला आधी गल्ल्यावर बसवा

"ताई, माझा मुलगा चौथीत आहे, मुलगी पहिलीत. आता त्याला खालच्या किराणा दुकानात एकट्याला पाठवायला सुरुवात केलीय, पण दुकानदार जे हातात देतो ते तो घेऊन येतो. मागे आणलेल्या ब्रेडची तारीख उलटून गेलेली होती, आणि एकदा अर्धा किलो रवा सांगितला तर दोनशे ग्रॅमचं पाकीट आणलं. घरी आम्ही दुकान-दुकान खेळतो, मी दुकानदार आणि तो गिऱ्हाईक, पण त्यात तो फक्त पैसे मोजतो, पाकीट वाचतच नाही. तारीख, वजन, किंमत बघायची सवय खेळातून कशी लावू?
— एक आई, सांगली"

नमस्कार ताई,

पहिलं म्हणजे जागा बदला. तो दुकानदार, तुम्ही गिऱ्हाईक. तुम्ही दुकानदार होऊन वस्तू त्याच्या हातात देता तेव्हा त्याला वाचायचं काही कारणच नसतं, आई देतेय म्हणजे बरोबरच असणार आणि हिशोब जुळला की खेळ संपला. गल्ल्यावर बसलेल्याला मात्र माल लावावा लागतो, आणि माल लावायचा म्हटलं की तारीख वाचल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. कारण सगळ्या दुकानदारांचा एक साधा नियम असतो, जुना माल पुढे, नवा माल मागे, म्हणजे जुना आधी संपतो आणि फेकायला लागत नाही. यात काही फसवणूक नाही, धंदा असाच करायचा असतो. पण हे ज्या पोराने स्वतःच्या हाताने चार वेळा केलंय ते खऱ्या दुकानात गेल्यावर आपोआप मागच्या ओळीत हात घालतं, कारण पुढच्या ओळीत काय ठेवलेलं असतं ते त्याला माहीत असतं. "तारीख बघत जा" असं शंभरदा सांगून जे होत नाही ते असं होतं.

आता दुकानात माल पाहिजे, आणि तो खराच पाहिजे. कागदावर आपण लिहिलेली खोटी लेबलं नकोत, कारण खऱ्या पाकिटावरची अवघड गोष्ट हीच आहे की पाहिजे ते कुठे छापलंय हेच सापडत नाही. पुढच्या बाजूला मोठं नाव आणि फोटो, मागे बारीक अक्षरांचं जंगल, आणि तारीख-किंमतीच्या जागी नुसतं लिहिलेलं असतं की पाकिटाच्या मागच्या शिवणीवर बघा किंवा तळाशी बघा. तिथे मशीनने ठिपक्याठिपक्यांत मारलेला छाप असतो, तोही कधी अर्धा पुसलेला. हे शोधायची सवय खऱ्या पाकिटावरच लागते. म्हणून पुढचे पंधरा दिवस घरात जे पाकीट फोडाल ते छापाच्या विरुद्ध बाजूने कात्रीने कापा, आपण सगळे वरून फाडतो आणि नेमका तारखेचा तुकडा कचऱ्यात जातो. धुवून वाळवून ठेवा. आठ-दहा पाकिटं पुरतात, पण त्यात एकाच वस्तूची दोन-तीन वेगवेगळी मापं असू द्या, म्हणजे सॉसची छोटी-मोठी बाटली, रव्याची दोन पाकिटं, तेलाची पिशवी, आणि शेजारणीकडून एखाद्या गृहउद्योगाच्या चिवड्याचं किंवा पापडाचं पाकीट मिळालं तर फारच छान, का ते पुढे सांगते.

तुम्ही म्हणाल की रिकामी पाकिटं जुनी, त्यांच्या तारखा होऊन गेलेल्या, मग खेळ कसा चालणार. त्यासाठी दुकानात एक पाटी लावायची, "आजची तारीख". ही दुकानाची तारीख, आपली खरी नाही. आज पाटीवर लिहा ५ मार्च २०२६, उद्या खेळताना लिहा २० मार्च, परवा १ जून. पाकिटं तीच, पण पाटी बदलली की दुकानदाराला सगळा माल पुन्हा तपासावा लागतो, कालपर्यंत चांगला असलेला चिवडा आज काढून टाकावा लागतो. मला या सगळ्यात ही पाटी सगळ्यात जास्त कामाची वाटते. कारण बरीच मुलं तारीख वाचतात, अगदी घडाघडा वाचतात, पण ती आजच्या तारखेशी ताडून बघत नाहीत. छापलेली तारीख वाचून दाखवली की काम झालं असं त्यांना वाटतं. पाटी समोर असली की दोन तारखांची तुलना करायचीय हे डोक्यात बसतं.

तारखेत मुलं कुठे अडकतात ते सांगते. पहिली चूक म्हणजे बनवल्याची तारीखच एक्सपायरी समजायची. पाकिटावर दोन तारखा असतात, एक माल बनवल्याची किंवा पॅक केल्याची, तिथे एमएफजी, एमएफडी किंवा पीकेडी असं लिहिलेलं असतं, आणि दुसरी यूज बाय किंवा एक्सपायरी. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे खाण्याच्या पाकिटावर या दोन्ही लागतात, आणि बेस्ट बिफोर लिहायचं तर ते वरून जास्तीचं. मुलगा मराठी माध्यमात असेल तर ही इंग्रजी अक्षरं त्याला शब्द म्हणून वाचायला लावू नका, चित्रं म्हणून ओळखू दे. एका पुठ्ठ्यावर डावीकडे "जन्म" लिहा आणि खाली एमएफजी, एमएफडी, पीकेडी पाकिटावर असतात तशी इंग्रजीत चिकटवा, उजवीकडे "शेवट" लिहा आणि त्याखाली एक्सपायरी, यूज बाय, बेस्ट बिफोर. जुन्या पाकिटांतूनच कापून चिकटवली तर आणखी बरं. हा पुठ्ठा गल्ल्यावर ठेवायचा. आकडेही पाकिटावर इंग्रजीत असतात हे लक्षात असू दे, पुस्तकात २५० वाचणारं पोर पाकिटावर तेच इंग्रजी आकड्यात दिसलं की क्षणभर थबकतं. आणि तिथेच शेजारी बॅच नंबर छापलेला असतो, अक्षरं-आकडे मिसळलेला, तोही कधीकधी तारीख म्हणून वाचला जातो.

दुसरी चूक महिने मोजण्यातली, आणि त्यासाठीच ते गृहउद्योगाचं पाकीट पाहिजे. अशा पाकिटांवर बऱ्याचदा शेवटची तारीख सरळ दिलेली नसते, नुसतं "पॅकिंगपासून ४ महिने" असं असतं. समजा पॅकिंग १२ नोव्हेंबर २०२५. आता त्याला विचारा की हा चिवडा कधीपर्यंत चांगला? चौथीतली बरीच मुलं बोटं मोजतात, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, झाले चार, म्हणजे फेब्रुवारी. चुकलं, कारण नोव्हेंबर हा सुरुवातीचा, तो मोजायचा नाही. हे तोंडी समजावत बसू नका. कॅलेंडरची पानं जमिनीवर ओळीत पसरा, त्याला नोव्हेंबरच्या पानावर उभं करा आणि चार उड्या मारायला सांगा. एक उडी डिसेंबर, दुसरी जानेवारी, तिसरी फेब्रुवारी, चौथी मार्च. १२ मार्च २०२६. एकदा पायाने केलं की बोटांनी चुकत नाही. आता पाटीवर ५ मार्च असेल तर चिवडा विकता येतो, २० मार्च असेल तर नाही. आणि डिसेंबर ओलांडला की साल बदलतं हेही तिथेच कळतं, पान बदलताना वरचं साल मोठ्याने म्हणायला लावा. काही मुलं मोजणी आजपासून सुरू करतात, "चार महिने आहेत ना अजून" म्हणून, त्यांनाही हाच उपाय, आधी जन्माच्या पानावर उभं राहायचं मगच उडी.

टिकाऊ मालावर, म्हणजे तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्यावर, नुसता महिना आणि साल असलं तरी चालतं, ब्रेड-दूध-दह्यासारख्या थोडे दिवस टिकणाऱ्यावर दिवससुद्धा असतो. म्हणून ब्रेडच्या बाबतीत त्याला साल आणि महिना बघून थांबू देऊ नका, तिथे दिवसच महत्त्वाचा आहे. कदाचित त्याने तो ब्रेड आणला तेव्हा "मार्च २०२६, बरोबर आहे" एवढंच बघितलं असेल.

बेस्ट बिफोर आणि एक्सपायरी यात फरक आहे, तो मोठ्यांसाठी महत्त्वाचा. बेस्ट बिफोर उलटली म्हणजे चव, कुरकुरीतपणा, वास कमी झालेला असू शकतो, पदार्थ लगेच विषारी होत नाही. यूज बाय किंवा एक्सपायरी उलटली की खायचंच नाही. पण खेळात आणि दुकानात मुलासाठी एकच नियम ठेवा, दोन्हीपैकी काहीही उलटलेलं असेल तर विकत घ्यायचं नाही. घरातल्या डब्यात काय ठेवायचं काय टाकायचं ते मोठे ठरवतील. आणि एक गोष्ट याच वयात कळली तर फार उपयोगी पडते, की तारीख ही बंद पाकिटाची असते आणि सांगितलेल्या जागी ठेवलं तरच खरी असते. श्रीखंडाचा डबा फ्रिजबाहेर काउंटरवर पडून असेल तर तारखेला पंधरा दिवस असले तरी घ्यायचा नाही. खेळात एकदा तुम्ही गिऱ्हाईक म्हणून विचारा, "हे श्रीखंड कधीपासून बाहेर ठेवलंय हो?" बघा काय उत्तर देतो.

धाकटीला यात घ्या, पण तिच्यावर महिने मोजण्याचं ओझं टाकू नका, पहिलीच्या मुलीला ते जमत नाही आणि जमत नाही म्हणून ती खेळ सोडून जाते. तिला हिरवं टिंब शोधू दे, हिरव्या चौकोनातलं हिरवं गोल म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकोनातला तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. (जुन्या पाकिटांवर त्रिकोणाऐवजी तपकिरी गोल सापडेल.) "तारीख कुठे आहे" हे शोधून बोट ठेवणं हे तिचं काम, वाचणं दादाचं. शोधायला लहान मुलं मोठ्यांपेक्षा पटाईत असतात आणि तिला ते काम मानाचं वाटतं.

आता वजन. रव्याचं जे झालं त्यात मला वाटतं त्याचा दोष थोडाच आहे, कारण आपण बोलतो अर्धा किलो आणि पाकिटावर असतं पाचशे ग्रॅम, आपण बोलतो पावशेर, आतपाव, पाऊण किलो आणि पाकिटावर २५०, १२५, ७५०. ही दोन भाषांमधली जोडणी कुणी करून दिलेली नसते. म्हणून तुम्ही गिऱ्हाईक होऊन जाल तेव्हा चिठ्ठी तुमच्याच बोलीत लिहा, "अर्धा किलो रवा, आतपाव खोबरं, पाव किलो शेंगदाणे" आणि दुकानदाराने पाकिटावरचा आकडा बोट ठेवून दाखवायचा. दोनशेचंच पाकीट शिल्लक असेल तर काय करायचं हेही येऊ दे खेळात, दोन पाकिटं म्हणजे चारशे, तीन म्हणजे सहाशे, गिऱ्हाईकाला विचार काय चालेल ते. खऱ्या दुकानात हेच झालं असणार, अर्धा किलोचं नव्हतं म्हणून दुकानदाराने होतं ते दिलं आणि पोर काही बोललं नाही.

घरात वजनकाटा असेल, स्वयंपाकातला छोटा असला तरी चालेल, तर दोन-तीन पाकिटांत लिहिलेल्या वजनाएवढं जाडं मीठ किंवा तांदूळ भरून चिकटपट्टीने बंद करा. चिप्सचं फुगीर पाकीट आणि त्याच वजनाचं शेंगदाण्याचं छोटंसं पाकीट त्याच्या दोन हातांवर ठेवा. चिप्सच्या पाकिटात चुरा होऊ नये आणि माल खवट होऊ नये म्हणून नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे आकार मोठा दिसतो. आकारावरून वजन ठरवायचं नाही, हे शब्दांत सांगायची मग गरज पडत नाही. तेलाच्या पिशवीत तर मोठी माणसंही फसतात. पूर्वी काही वस्तू ठरावीक मापांतच विकाव्या लागत, २०२१ मध्ये नियम बदलले आणि ती सक्ती गेली, त्यामुळे आता शेजारी शेजारी दिसणाऱ्या सारख्याच पिशव्यांमध्ये एक १ लिटरची आणि दुसरी ८५० मिलीची असू शकते, आणि कमी किमतीला भुलून आपण दुसरी उचलतो. शिवाय १ लिटर तेल म्हणजे १ किलो नाही, साधारण ९१० ग्रॅम भरतं, तेल पाण्यापेक्षा हलकं असतं म्हणून. लिटरची तुलना लिटरशी आणि ग्रॅमची ग्रॅमशीच करायची.

किंमत मात्र सगळ्यात शेवटी घ्या, तारीख आणि वजन हाताखालून गेल्यावर. माझा आग्रह आहे यावर, कारण किंमतीचा आकडा इतका मोठा आणि ओळखीचा असतो की तो आधी आला तर पोर बाकीचं वाचतच नाही. तुमच्याकडे आत्ता तेच होतंय.

खेळासाठी टोमॅटो सॉस घेऊ. तीन बाटल्या मांडा आणि किमती तुम्ही चिकटवा. २०० ग्रॅम ४८ रुपये. ५०० ग्रॅम १२५ रुपये. आणि तिसरी, "५० ग्रॅम फुकट" असं मोठ्या अक्षरात लिहिलेली, एकूण ३०० ग्रॅम, ७८ रुपये. आता त्याला विचारा स्वस्त कोणती. तो म्हणेल ४८ वाली, कारण आकडा लहान. मग सांगा की आपल्याला एक किलो सॉस पाहिजे, वाढदिवस आहे, कोणती बाटली घेऊ? भागाकार करायला लावू नका, चौथीत ग्रॅमला किती पैसे हे दशांशात जातं आणि खेळाचा अभ्यास होतो. सारखं करून बघायचं. २०० च्या पाच बाटल्या म्हणजे एक किलो, पाच गुणिले ४८ म्हणजे २४०. ५०० च्या दोन बाटल्या, २५०. म्हणजे छोटी बाटली दहा रुपयांनी स्वस्त पडली, आणि मोठी म्हणजे स्वस्त हे जे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं ते इथे हलतं. आता फुकटवाली. ३०० ची एक किलोत बसत नाही, मग २०० आणि ३०० दोन्ही ज्यात बसतात ते वजन शोधायचं, ६००. फुकटवाल्या दोन बाटल्या १५६ रुपये, २०० वाल्या तीन बाटल्या १४४ रुपये. म्हणजे फुकट लिहिलेली बाटली तिन्हींत महाग.

पण इथे एक काळजी घ्या. दुसऱ्या दिवशी किमती बदला, म्हणजे ५०० ची ११० रुपये करा. एक किलोला २२०, आता मोठी स्वस्त. असं केलं नाही तर मूल "छोटी बाटली स्वस्त असते" असा नवा नियम पाठ करून बसतं, आणि तो जुन्याइतकाच चुकीचा. बऱ्याच मालात मोठं पाकीट खरंच स्वस्त पडतं. शॅम्पूत मात्र बऱ्याचदा उलटं सापडतं, छोटी पुडी स्वस्त आणि बाटली महाग, ते तुमच्या खालच्या दुकानात जाऊन त्यालाच तपासायला सांगा. पुडीवरचे मिली बघायचे, बाटलीवरचे बघायचे आणि बाटली भरायला किती पुड्या लागतील ते काढायचं.

एवढं जमलं की मगच त्याला पाकिटावरची एक तयार सोय दाखवा. आता पाकिटावर एमआरपीजवळच यूएसपी म्हणून एक बारीक आकडा असतो, युनिट सेल प्राइस, म्हणजे ग्रॅमला किंवा मिलीला किती रुपये. आपल्या सॉसला तो ०.२४, ०.२५ आणि ०.२६ असा आला असता, बघितलं की झालं. मग आधीच का नाही दाखवायचं, तर त्याला कारण आहे. एक किलोपेक्षा कमी असेल तर हा आकडा ग्रॅमला असतो आणि किलोच्या वर गेलं की किलोला. म्हणजे छोट्या बाटलीवर ०.२४ आणि सव्वा किलोच्या मोठ्या बरणीवर २१०. सारखं करून बघायची सवय नसलेलं मूल ०.२४ वाली उचलतं, आकडा केवढासा म्हणून. खरं बघता ०.२४ म्हणजे किलोला २४०, बरणीच स्वस्त. दुसरं म्हणजे हा आकडा एमआरपीवर काढलेला असतो. मॉलमध्ये एकावर सूट आणि दुसऱ्यावर नाही असं असेल तर तो उपयोगाचा नाही, तिथे आपलंच गणित पाहिजे.

आणि स्वस्त पडतं म्हणून घ्यायचंच असं नाही हे तुम्ही गिऱ्हाईक होऊन दाखवा. "हो, किलोला स्वस्त आहे खरी, पण आमच्याकडे सॉस महिन्याला एवढासा लागतो, उघडल्यावर इतके दिवस टिकायची नाही, मला छोटीच दे." हे त्याने ऐकू दे. आमच्या ओळखीतल्या घरांत मोठ्या पाकिटातला अर्धा माल कीड लागून जातो तेव्हा हे स्वस्तात आणलेलंच असतं.

आता त्याच्या आठवडाभराच्या दुकानदारीनंतर जागा परत बदला, तो गिऱ्हाईक, तुम्ही दुकानदार, पण यावेळी तुम्ही घाईतला दुकानदार व्हा. कारण तुमच्या मुलाची खरी अडचण नुसती वाचायची नाही असं मला पत्रावरून वाटतं, बोलायची आहे. नऊ-दहा वर्षांचं पोर, समोर मोठे काका, मागे गिऱ्हाइकांची रांग, काका म्हणतात "घे रे पटकन, कालच आलाय माल", अशा वेळी तारीख चुकलीय हे दिसलं तरी तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून वाक्य तोंडात बसवावी लागतात. "काका, याची तारीख गेलीय, दुसरं द्या ना." "काका, अर्धा किलोचं नाहीये का? मग आईला विचारून येतो." हे दुसरं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, न घेता परत यायची मुभा आहे हे त्याला माहीत पाहिजे, नाहीतर रिकाम्या हाताने गेलो तर आई रागवेल म्हणून तो काहीही उचलेल. तिसरं, "सुट्टे नाहीत, चॉकलेट घे" म्हटल्यावर "नको काका, पैसेच द्या, नाहीतर नंतर घेतो". तुम्ही दुकानदार म्हणून थोडं कुरकुरा, चिडू नका, आणि त्याने नीट आवाजात म्हटलं की लगेच वस्तू बदलून द्या. दुकानदार वाईट असतो असं मात्र शिकवू नका. गल्लीतल्या दुकानदाराचा बराचसा जुना माल लक्षात न राहिल्यामुळे पुढे आलेला असतो, सांगितलं की बहुतेक जण बदलून देतात.

एमआरपीपेक्षा जास्त मागितले तर, थंड बाटलीवर "थंडीचे दोन रुपये" वगैरे, ते नियमात बसत नाही, एमआरपीत सगळे कर धरलेले असतात आणि त्याच्यावर घ्यायची परवानगी नाही. त्यापेक्षा कमीला मात्र दुकानदार खुशाल विकू शकतो. एमआरपीवर स्टिकर लावून किंमत वाढवणंही चालत नाही, कमी करायला स्टिकर चालतो आणि तोसुद्धा खालची छापील किंमत झाकणार नाही असाच लावायचा असतो. मुलाला हे माहीत असू दे पण त्याने तिथे वाद घालायचा नाही, बाटली ठेवायची आणि घरी येऊन सांगायचं. पुढचं तुम्ही बघा, दुकानदाराशी बोलून झालं नाहीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

सुट्या मालाचं वेगळं आहे, तिथे लेबलच नाही. त्याला एवढंच दाखवून ठेवा की इलेक्ट्रॉनिक काट्यावर माल ठेवायच्या आधी आकडा शून्य दिसला पाहिजे, आणि मिठाई घेताना खोका मिठाईच्या भावात मोजला जाऊ नये. काटा आपल्याकडे तोंड करून नसेल तर "काका, जरा काटा इकडे करा ना" हे चौथं वाक्य.

मग खऱ्या दुकानात पाठवा, पण पहिल्यांदा चिठ्ठीवर एकच वस्तू, आणि तीही ब्रेडच असू दे. चिठ्ठीत वस्तूचं नाव आणि माप असू दे, आणि खाली त्याने भरायची एक रिकामी जागा, "शेवटची तारीख ____". पेन्सिल बरोबर द्या. तारीख लिहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. ही रिकामी जागा म्हणजे तुमच्यासाठी तपासणी आहे, तो घरी आल्यावर पाकीट आणि चिठ्ठी जुळवून बघितली की कळतं की त्याने बनवल्याची तारीख लिहिली का शेवटची, दिवस लिहिला का नुसता महिना, म्हणजे खेळात परत काय घ्यायचं ते. जमायला लागलं की दोन वस्तू, मग तिसऱ्या वस्तूला "दोनपैकी जे किलोला स्वस्त पडेल ते" असं लिहा.

आणि चुकीचं आणलंच तर तुम्ही स्वतः बदलायला जाऊ नका. पाकीट न फोडता, बिल घेऊन, त्यालाच परत पाठवा, तुम्ही हवं तर जिन्याच्या खाली उभ्या राहा. बिल मिळत नसेल तर लगेच त्याच दिवशी पाठवा, दुकानदाराच्या लक्षात असतं तोवर. पाठवायच्या आधी घरात एकदा वाक्य म्हणवून घ्या, बाकी तो करेल.